बाटलीचा फोटो आल्यावर: टेक्निकल, टक्का आणि कोड कसा वाचतो

फोटोखाली एकच ओळ होती: “भाऊ, कपाशीवर मावा-तुडतुडे आहेत, हे औषध पंपाला किती टाकू?” फोटोत पांढरी, आरपार न दिसणारी बाटली, हातात तिरकी धरलेली. वरच्या बल्बचा उजेड लेबलच्या बरोबर मधोमध पडून पांढरा चट्टा उमटलेला. मोठ्या ठळक नावाचा शेवट आणि त्यापुढचा ‘सुपर’ हा शब्द वाचता येत होता. त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत ‘इमिडाक्लो’पर्यंत दिसत होते, मग चकाकी, मग टोकाला एकटा ‘एस’. त्याच्या पुढचे अक्षर पुन्हा चकाकीत. सोबत दुसरा फोटो खताच्या गोणीचा होता, त्याकडे नंतर येतो.

शेतीसल्ल्यासाठी आमच्याकडे असे फोटो खरिपात रोज येतात. अशा फोटोला उत्तर देताना आम्ही कोणत्या क्रमाने काय वाचतो आणि कुठे थांबतो, ते या एकाच बाटलीवर मांडतो.

सुरुवात मोठ्या अक्षरांतल्या नावापासून करायची नाही. दुकानात, बांधावर औषध त्याच नावाने ओळखले जाते हे खरे, पण ते नाव कंपनीचे आहे, औषधाचे नाही. एकाच नावाला ‘सुपर’, ‘प्लस’, ‘गोल्ड’, ‘मॅक्स’ अशी शेपटी जोडली की आतला माल बदललेला असू शकतो. कॉन्फिडॉर या नावाखाली इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल विकले जाते, तर कॉन्फिडॉर सुपर म्हणजे इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी. तणनाशकांत हिटवीडमध्ये पायरीथिओबॅक सोडियम एकटेच आहे. हिटवीड मॅक्समध्ये त्याच्या जोडीला क्विझालोफॉप आहे. नाव पाहून मात्रा सांगायची सवय असलेला माणूस इथेच चुकतो, कारण त्याच्या डोक्यात जुन्या बाटलीचे प्रमाण पक्के बसलेले असते.

आम्हाला हवी असते ती ब्रँडच्या खालची बारीक ओळ. तिच्यात तीन गोष्टी लागोपाठ असतात: सक्रिय घटकाचे नाव, त्याचा टक्का आणि औषधाचे रूप सांगणारा दोन-तीन अक्षरांचा कोड. सक्रिय घटकाला बाजारात सरळ ‘टेक्निकल’ म्हणतात. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे हा घटक आणि त्याचे प्रमाण लेबलवर छापावेच लागते. त्यामुळे ही ओळ सापडत नसेल तर ती फोटोच्या बाहेर राहिली आहे, फाटली आहे, किंवा ती वस्तू नोंदणीकृत कीटकनाशकच नाही, यांपैकी काहीतरी एक आहे.

नाव पूर्ण दिसल्याशिवाय ते ओळखले असे मानायचे नाही. ‘इमिडाक्लो’ एवढे दिसले म्हणून आमचे निभावले. तेच जर फक्त ‘इम’ आणि टोकाला ‘एसएल’ दिसले असते, तर ते इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल असू शकले असते किंवा इमॅझेथापायर १० टक्के एसएल. पहिले कपाशीवरच्या रसशोषक किडींचे औषध, दुसरे सोयाबीन आणि भुईमुगातले तणनाशक. एकाच घरात कपाशी आणि सोयाबीन दोन्ही असतात, दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात. कपाशीवर इमॅझेथापायर गेले तर पुढच्या पाण्याने ते धुऊन जात नाही. शेंडा पिवळा पडून वाढ खुंटते. ‘प्रोप’ने सुरू होणारी नावेही अशीच फसवी: प्रोपिकोनॅझोल बुरशीनाशक आहे, प्रोपाक्विझाफॉप तणनाशक. ‘फेनप्रोपॅथ्रिन’ आणि ‘फेनोक्साप्रॉप’ यांत पहिले कीड आणि कोळी मारते, दुसरे गवत.

म्हणून नावाच्या सुरुवातीपेक्षा शेवट जास्त उपयोगी पडतो. ‘कोनॅझोल’ किंवा ‘स्ट्रोबिन’ने संपणारे बुरशीनाशक, ‘थ्रिन’ने संपणारे कीटकनाशक, ‘फॉप’ने संपणारे गवतवर्गीय तणांचे तणनाशक. हा ठोकताळा एका ठिकाणी दगा देतो: ‘युरॉन’. नोव्हॅल्युरॉन अळ्यांसाठी आहे, डायफेन्थियुरॉन पांढऱ्या माशीसाठी, आणि डाययुरॉन चक्क तणनाशक. ‘युरॉन’ दिसले की पूर्ण नाव वाचेपर्यंत आम्ही एक अक्षर उत्तर देत नाही.

आता टक्का आणि कोड. आमच्या फोटोत हेच दोन्ही चकाकीत गेले होते, आणि खरा प्रश्न तिथेच होता. इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे चार रूपांत सर्रास मिळते. १७.८ टक्के एसएल हे पाण्यात विरघळणारे द्रावण. ३०.५ टक्के एससी हे पाण्यात बारीक कण तरंगत ठेवलेले दाट औषध. ७० टक्के डब्ल्यूजी हे पाण्यात विरणारे दाणे. आणि ४८ टक्के एफएस हे बीजप्रक्रियेचे, रंग घातलेले औषध, जे फवारायचेच नसते. ‘एस’नंतरचे अक्षर ‘एल’ असेल तर एक मात्रा, ‘सी’ असेल तर दुसरी.

फरक किती, ते हिशेबानेच कळते. १७.८ टक्के हा वजनी टक्का आहे. द्रावण पाण्यापेक्षा जड असल्याने एका लिटरात सुमारे २०० ग्रॅम इमिडाक्लोप्रिड असते. ३०.५ टक्के एससीच्या एका लिटरात ते सुमारे ३५० ग्रॅम. ७० टक्के डब्ल्यूजीच्या एका किलोत ७०० ग्रॅम. कपाशीसाठी १७.८ एसएलची मंजूर मात्रा हेक्टरी १०० ते १२५ मिली, म्हणजे २० ते २५ ग्रॅम सक्रिय घटक. ३०.५ एससीची मात्रा ६० ते ७५ मिली, म्हणजे २१ ते २६ ग्रॅम. ७० डब्ल्यूजीची ३० ते ३५ ग्रॅम, म्हणजे २१ ते साडेचोवीस ग्रॅम. शेतात पडायचे इमिडाक्लोप्रिड तिन्ही वेळा जवळपास तेवढेच. मोजायचे माप मात्र प्रत्येक वेळी वेगळे. एससीची बाटली हातात असताना एसएलच्या सवयीने हेक्टरी १२५ मिली ओतले, तर २६ ग्रॅमच्या जागी जवळपास ४४ ग्रॅम पडतात.

फोटोतून कोड कळत नसेल तर औषधाच्या रूपावरून अंदाज बांधता येतो, पण तो फक्त पडताळणीपुरता. एसएल पातळ आणि आरपार दिसणारे असते, तळाशी काही बसत नाही. एससी दुधाळ, दाटसर असते. बरेच दिवस उभी ठेवलेली बाटली असेल तर तळाशी साका धरतो, म्हणून तिच्या लेबलवर वापरण्यापूर्वी हलवण्याची सूचना असते. झाकणाच्या आट्यांजवळ सुकलेला पांढरट थर दिसला तर ते एससी असण्याची शक्यता जास्त. पाण्यात टाकल्यावर दूध झाले म्हणजे एससीच, असे मात्र नाही. ईसी, म्हणजे पाण्यात मिसळणारे तेलकट औषधही पाण्यात दुधाळ होते. त्याचे मूळ द्रव आरपार दिसणारे असते आणि पाण्यात पडल्यावरच पांढरे होते. हे बघण्यासाठी मुद्दाम बाटली उघडायला किंवा वास घ्यायला आम्ही कोणालाच सांगत नाही. बाहेरून दिसते तेवढेच पुरे.

त्यामुळे आम्ही पहिले उत्तर मात्रेचे दिले नाही, फोटोचे दिले. बाटली ओल्या फडक्याने पुसा, हातमोजे घाला, बाटली सावलीत सपाट फळीवर उभी ठेवा, फ्लॅश बंद ठेवा. बल्बखाली नको, दिवसाच्या उजेडात. गोल बाटलीचे लेबल एका फोटोत कधीच पूर्ण येत नाही. कडेची अक्षरे वळणात आखडतात. म्हणून बाटली थोडी थोडी फिरवून तीन फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा थोडा भाग येऊ द्यायचा. मोबाइल वीतभर अंतरावर धरायचा. त्याहून जवळ नेला की बरेच कॅमेरे अक्षरे धूसर करतात. चौथा फोटो बॅच क्रमांक आणि मुदतीचा: तो बहुधा बाटलीच्या खांद्यावर किंवा बुडाशी शाईच्या ठिपक्यांनी छापलेला असतो. पाचवा घडी घातलेल्या माहितीपत्रकाचा, उलगडून. हे पत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असते आणि पीक, कीड, मात्रा, प्रथमोपचार, उतारा हे सगळे त्यात असते. लोक ते दुकानातच टाकून येतात, याचे आम्हाला दर वेळी वाईट वाटते, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीत छापून त्यांच्या हातात दिलेले होते. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो आक्रसतो आणि बारीक अक्षरे पुसली जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो.

सकाळी चार फोटो आले. पत्रक नव्हते. पहिल्या तिन्हींत उजवीकडची कड घासलेली, टक्क्यातला पहिला आकडा गेलेला, ‘०.५’ तेवढे राहिलेले. कोडचे दुसरे अक्षर गोलसर दिसत होते, पण गोलसर दिसले म्हणून ‘सी’ लिहून टाकणे आम्हाला पटत नाही. मागच्या बाजूला नोंदणी क्रमांकाची ओळ शाबूत होती, आणि तिथेच उत्तर मिळाले.

हा नोंदणी क्रमांक फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडून मिळतो. सुरुवात ‘सीआयआर’ने होते, पुढे आकडे, वर्ष, आणि बहुतेक वेळा त्याच ओळीत टेक्निकलचे नाव व कंसात कोड असतो. समोरची ओळ फाटली तरी मागची ही ओळ बाटलीची ओळख सांगते. आमच्या बाटलीवर कंसात ‘एससी’ स्पष्ट होते. ‘इमिडाक्लो’, ‘०.५’ आणि एससी या तिन्ही गोष्टी एकत्र बसतात ते फक्त इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससीमध्ये.

ज्या बाटलीवर ‘सीआयआर’ क्रमांक नाही आणि तरी ‘सर्व अळ्यांवर रामबाण’ लिहिले आहे, ती आम्ही ओळखायच्या फंदात पडत नाही. कीड, रोग किंवा तण मारण्याचा दावा करणारी कोणतीही वस्तू कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदलेली असायला हवी. टॉनिकच्या नावाखाली असा दावा करणाऱ्या बाटलीत काय आहे, ते फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही.

बाटलीवरच्या कोनावर उभ्या चौकोनाकडे सगळ्यांचे लक्ष जाते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. मोनोक्रोटोफॉसवर लाल असतो, क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससीवर हिरवा. फोटोत रंग फसवतात. पिवळ्या बल्बखाली निळा हिरवट दिसतो. तेव्हा वरच्या त्रिकोणातला शब्द वाचायचा. ‘पॉयझन’ आणि कवटी दोन्ही असतील तर लाल, ‘पॉयझन’ आहे पण कवटी नाही तर पिवळा, ‘डेंजर’ म्हणजे निळा, ‘कॉशन’ म्हणजे हिरवा. रंग ओळखायला ही युक्ती पुरते. पण या रंगाचा किडीवरच्या परिणामाशी काही संबंध नाही. लाल म्हणजे ‘जोरदार औषध’ ही समजूत इतकी घट्ट आहे की हिरव्या त्रिकोणाचे औषध लोक परत करतात. रंग फक्त माणसाला आणि जनावराला किती घातक ते सांगतो. हिरव्यालाही हातमोजे, मास्क लागतातच.

आता पीक. टेक्निकल बरोबर ओळखले तरी ते त्या पिकावर मारायला मंजूर आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. यालाच आपण ‘लेबल क्लेम’ म्हणतो. पत्रक नसल्याने आम्ही ppqs.gov.in या सरकारी संकेतस्थळावर पिकांनुसार मंजूर वापराचे तक्ते पाहिले. तक्त्याच्या फाइलमध्ये ब्रँडचे नाव टाकून काही मिळत नाही. टेक्निकल, टक्का आणि कोड टाकावा लागतो. टक्का कधी एका, कधी दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला असतो, म्हणून आधी नुसते नाव शोधायचे आणि त्या नावाच्या मथळ्यांतून आपला कोड निवडायचा:

```
Imidacloprid 30.5% SC
```

तक्त्यात पीक, कीड, हेक्टरी सक्रिय घटक ग्रॅममध्ये, हेक्टरी औषध मिलीमध्ये, पाणी लिटरमध्ये आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस असे रकाने असतात. इथे दोन आकडे शेजारीशेजारी असल्याने हमखास चूक होते: सक्रिय घटकाचे २१ ग्रॅम हेच औषधाचे माप समजून कोणी २१ मिली मोजतो. मोजायचा आकडा औषधाच्या रकान्यातला, घटकाच्या नव्हे.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १७.८ एसएलखाली मिरची, टोमॅटो, आंबा, द्राक्ष अशी लांब यादी आहे, ३०.५ एससीखाली कापूस आणि भात. टेक्निकल तेच, तरी मंजूर पिके वेगळी. थांबायचे दिवसही रूपानुसार बदलतात: कपाशीवर १७.८ एसएलनंतर ४० दिवस, ७० डब्ल्यूजीनंतर ७. इतकेच काय, ३०.५ टक्के एससी हे घराच्या पायातली वाळवी रोखण्यासाठीही विकले जाते, आणि त्या बाटलीच्या लेबलवर पिकाचे नावच नसते. टेक्निकल आणि टक्का जुळला तरी लेबलवर पीक आहे का हे पाहिल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. आमच्या बाटलीच्या तिसऱ्या फोटोत, बारीक का होईना, कापूस, मावा, तुडतुडे आणि फुलकिडे ही नावे होती. प्रश्न संपला.

मात्रा सांगण्याआधी शेवटची चौकशी बाकी होती: याआधी काय काय मारले? उत्तरादाखल गेल्या पंधरवड्यातल्या फवारणीच्या पाकिटाचा फोटो आला. इमिडाक्लोप्रिड ७० टक्के डब्ल्यूजी. नाव वेगळे, कंपनी वेगळी, बाटलीऐवजी पाकीट, आतले टेक्निकल तेच. त्यात कपाशीचे बियाणे बहुधा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया करूनच येते, म्हणजे पिकाच्या आयुष्यात तेच औषध तिसऱ्यांदा. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारले की तगून राहणाऱ्या तुडतुड्यांचीच पुढची पिढी वाढते आणि ‘औषधात दम राहिला नाही’ म्हणून मात्रा वाढवली जाते. ॲसिटामिप्रिड आणि थायामेथोक्झाम ही नावे इमिडाक्लोप्रिडपेक्षा निराळी वाटली तरी गट तोच, म्हणून त्यांवर जाऊनही बदल होत नाही. मागच्या फवारणीने तुडतुडे हटले नसतील तर ही बाटली या वेळी बाजूला ठेवायची, हेच खरे उत्तर. त्या शेतकऱ्याने सांगितले की मागच्या वेळी किडी चांगल्या खाली आल्या होत्या, मधल्या पावसानंतर नव्याने दिसू लागल्या, आणि दुसरे औषध आणायला आठवडी बाजारापर्यंत थांबावे लागेल. तेव्हा पानांच्या खालच्या बाजूचे तुडतुडे मोजायला सांगितले. दर पानी दोन-तीन तुडतुडे म्हणजे फवारणीची वेळ. त्याखाली असतील तर बाजाराच्या दिवसापर्यंत थांबता येते.

आता मूळ प्रश्न, पंपाला किती. हेक्टरी ६० ते ७५ मिली म्हणजे एकरी २४ ते ३० मिली. पाणी हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २००. पंधरा लिटरचे तेरा पंप झाले की १९५ लिटर होतात, म्हणजे पंपाला सुमारे दोन मिली. दोन मिली झाकणाने मोजता येत नाही, आणि सगळी गडबड त्या झाकणातच होते. दुकानात सहज सांगितले जाते ‘पंपाला दहा मिली’. एकराला आठ पंप मारणारा माणूस त्या हिशेबाने ८० मिली टाकतो, जिथे जास्तीत जास्त ३० मिली हवे. यावर आमचा साधा तोडगा: एकराचे २६ मिली औषध सिरिंजने किंवा मापाने एकदाच मोजायचे, बाटली आधी नीट हलवून. त्यात सव्वा लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी घालून नेमके १३०० मिली द्रावण करायचे आणि चांगले ढवळायचे. मग प्रत्येक पंपाला त्यातले १०० मिली. तेरा पंप, तेरा वेळा १०० मिली. दर वेळी घेण्याआधी पुन्हा ढवळायचे, कारण एससी खाली बसते. पंप कमी लागत असतील तर एकराचे माप तेच ठेवून मधले पाणी त्या पंपांच्या हिशेबाने करायचे. आठ पंप असतील तर २६ मिली औषधाचे ८०० मिली द्रावण, पंपाला १०० मिली.

गोणीचा फोटो त्यामानाने सोपा होता, पण त्यातही एक खोच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून अनुदानित खतांच्या गोण्या ‘भारत’ या एकाच नावाने येऊ लागल्या: भारत युरिया, भारत डीएपी, भारत एनपीके, भारत एमओपी. एका बाजूचा दोनतृतीयांश भाग या नावाला आणि योजनेला, उरलेला एकतृतीयांश कंपनीला. पूर्वी रंगावरून लांबून ओळखू येणारी गोणी आता ओळखू येत नाही. म्हणून ‘भारत एनपीके’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. वाचायचे आहेत ते दोन बिंदूंनी जोडलेले आकडे. पहिला नत्राचा टक्का, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा; चौथा असेल तर तो गंधकाचा. १०:२६:२६ च्या ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. २०:२०:०:१३ मध्ये १० किलो नत्र, १० किलो स्फुरद, पालाश नाही, गंधक साडेसहा किलो. गोणीचे वजनही वाचायचे: युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, त्यामुळे ४६ टक्क्यांनी तिच्यात २३ नव्हे, पावणेएकवीस किलोच्या जवळपास नत्र भरते.

फोटोतली गोणी १०:२६:२६ होती आणि प्रश्न होता, ‘हे कोणत्या पिकाला?’ खताच्या गोणीवर कीटकनाशकासारखा पिकाचा लेबल क्लेम नसतो. पीक गोणीवर शोधायचे नाही, पिकाच्या शिफारशीतून गोणीकडे यायचे. सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० धरले तर एकरी १२ किलो नत्र, २४ स्फुरद, १२ पालाश लागते. १०:२६:२६ ची एक गोणी ५:१३:१३ देते, म्हणजे पालाश पूर्ण झाले, स्फुरद निम्मे. उरलेले ११ किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून घेतले, १६ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ७० किलो, तर सोयाबीनला लागणारे गंधकही त्यातूनच मिळते. नत्राचे ७ किलो म्हणजे साधारण १५ किलो युरिया. हे सगळे पेरणीबरोबर द्यायचे असते. उभ्या पिकात स्फुरद फेकून ते मुळांपर्यंत पोहोचत नाही.

एका फोटोला आम्ही मात्रा कधीच सांगत नाही: शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेल्या औषधाच्या. रंग, दाटपणा, आठवण, कशावरूनही नाही. ते वापरू नका आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा, एवढेच सांगतो. मूळ बाटली फेकू नये याचे आणखी एक कारण आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. दवाखान्यात डॉक्टरला पहिली गरज असते ती टेक्निकलची. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या ऑरगॅनोफॉस्फेट गटावर ॲट्रोपिन हा उतारा आहे. इमिडाक्लोप्रिडवर विशिष्ट उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणून फवारणीला जाण्याआधी मिसळलेल्या प्रत्येक औषधाच्या लेबलचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये असावा, आणि घरातल्या कोणाला तरी तो ठाऊक असावा.

त्या शेतकऱ्याला पाठवलेला निरोप असा होता:

“भाऊ, बाटलीत इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी आहे. लेबलवर कापूस आहे. पंधरा दिवसांपूर्वीच्या पाकिटातही हेच औषध होते. आधी शेताच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध मिळून वीस झाडे बघा, प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या, खालच्या पानांमागचे तुडतुडे मोजा. पानामागे सरासरी दोनपेक्षा कमी असतील तर फवारू नका. पुढच्या वेळी दुसऱ्या गटाचे औषध आणू, घेण्याआधी बाटलीचा फोटो पाठवा. जास्त असतील तर एकराला २६ मिली, पाणी घालून १३०० मिली द्रावण, पंपाला त्यातले १०० मिली, १३ पंप. दुसरे काही मिसळू नका. मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे, चालेल. काढणीआधी किती दिवस थांबायचे ते पत्रकावर आहे. दुकानातून पत्रक मागून घ्या आणि त्याचा फोटो पाठवा.”

दुपारी मोजणीचे आकडे आले: वीस झाडे, साठ पाने, ७२ तुडतुडे. पानाला सव्वाच्या आसपास. बाटली फळीवरच राहिली.